मागून आणलेला कॅमेरा पडला तर: विद्यार्थी शूटसाठी विमा आणि भरपाईचा हिशोब

विद्यार्थी फिल्मचं सामान कधीच एका ठिकाणाहून येत नाही. कॅमेरा बॉडी कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या रेंटलवाल्याकडून भाड्याने, चांगली लेन्स कुणा सीनिअर दादाकडून फुकट, लाइट आणि ट्रायपॉड कॉलेजच्या स्टोअरमधून, आणि फ्रेममध्ये दिसणाऱ्या वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून. शूट नीट पार पडलं तर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र एखादी वस्तू फुटली की या चारही मालकांशी असलेलं तुमचं नातं कायद्याच्या आणि विम्याच्या नजरेत वेगवेगळं असल्याचं एकदम समोर येतं. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. सांगलीतला एक गट मिरजेच्या तंबोरा बनवणाऱ्या घरावर लघुपट करतोय. एक दिवस कारखान्यात, एक दिवस हरिपूरच्या संगमावर. युनिट आठ जणांचं. उदाहरणातले आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या कॅमेऱ्याचे आणि तुमच्या रेंटलवाल्याचे आकडे वेगळे असतील.

पायरी पहिली: यादी मालकाप्रमाणे करा

बहुतेक गट सामानाची यादी 'कॅमेरा, साउंड, लाइट, आर्ट' अशी विभागानुसार करतात. शूटसाठी ती ठीक आहे, भरपाईसाठी निरुपयोगी. एक वेगळा कागद घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: मालक कोण, भाड्याने की फुकट, सही कुणाची, आणि आज ती वस्तू बाजारात घ्यायला गेलो तर किती पडेल. सीरियल नंबर असेल तर तोही. शेवटच्या रकान्यात नव्या वस्तूची किंमत आणि तशाच वापरलेल्या वस्तूची किंमत, अशा दोन्ही लिहा. भांडण नेमकं त्या दोन आकड्यांमध्येच होतं.

सहीचा रकाना रिकामा सोडू नका. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र दिलं की जबाबदारी कॉलेजची झाली, अशी एक समजूत आहे. पत्रात सहसा एवढंच लिहिलेलं असतं की अमुक विद्यार्थी आमच्याकडे शिकतो आणि त्याला सहकार्य करावं. चलनावर सही ज्याची, रेंटलवाला पैसे त्याच्याकडेच मागणार. युनिटमध्ये कुणी अठरा वर्षांखालचं असेल, आणि ज्युनिअर कॉलेजच्या गटात असतंच, तर त्याची सही चालत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्तीला करारच करता येत नाही. शहाणा रेंटलवाला अशा वेळी पालकांची सही मागतो. त्याच्यावर चिडू नका.

पायरी दुसरी: कायदा काय म्हणतो ते एकदा समजून घ्या

दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घ्यायची आणि काम झालं की परत करायची, या व्यवहाराला कायद्यात निक्षेप म्हणतात. तो 1872 च्या करार कायद्यात आहे. वस्तू भाड्याने असो की फुकट, दोन्ही यात बसतात. त्यातली चार-पाच कलमं अशी आहेत की प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याला ती माहीत हवीतच.

कलम 151 म्हणतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घ्यायची. कलम 152 म्हणतं की तेवढी काळजी घेऊनही वस्तूचं नुकसान झालं, तर तुम्ही जबाबदार नाही. इथपर्यंत वाचून विद्यार्थी खूश होतात. पण त्याच कलमात 'वेगळा करार नसेल तर' अशी अट आहे, आणि रेंटलवाल्याच्या चलनाच्या मागे बारीक अक्षरात तो वेगळा करार छापलेला असतो: 'कोणत्याही कारणाने झालेल्या नुकसानीस भाडेकरू पूर्णपणे जबाबदार राहील.' त्याखाली सही केली की 152 ची ढाल बरीचशी गेली. म्हणून चलनाची मागची बाजू आधी वाचायची.

'नैसर्गिक आपत्ती' म्हणूनही सहज सुटता येत नाही. नदीचं पाणी अचानक वाढलं आणि सामान वाहून गेलं, हे ऐकायला बरं वाटतं. पण कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा इशारा सकाळीच आलेला असताना तुम्ही दुपारी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर ट्रॅक अंथरला असेल, तर सांगलीचा कुठलाही शहाणा माणूस स्वतःचं सामान तिथे ठेवणार नाही, आणि 151 चं मोजमाप नेमकं हेच आहे.

विद्यार्थी शूटवर सगळ्यात जास्त अडचणीत आणणारं कलम मात्र 154. वस्तू ज्या अटीवर दिली त्या अटीबाहेर वापरली, तर तुमचा काडीचाही निष्काळजीपणा नसला तरी भरपाई तुम्हीच द्यायची. कायद्यातच दिलेलं उदाहरण घोड्याचं आहे. एकाने दुसऱ्याला फक्त स्वतः बसण्यासाठी घोडा दिला. त्याने तो घरातल्या तिसऱ्या माणसाला दिला. तिसऱ्याने नीट सांभाळून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला. घोडा मागून आणणारा जबाबदार. घोड्याच्या जागी लेन्स ठेवा. दादाने 'तूच वापर, दुसऱ्याच्या हातात देऊ नको' असं म्हणून लेन्स दिली असेल आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही साउंडमध्ये अडकलात म्हणून कॅमेरा दुसऱ्याने सांभाळला, तर पुढे किती काळजी घेतली हा मुद्दाच उरत नाही.

तसंच उशिरा परत करण्याचं. कलम 161 प्रमाणे, तुमच्या चुकीमुळे ठरल्या वेळी वस्तू परत गेली नाही, तर त्या वेळेपासून पुढे तिला जे काही होईल ते तुमच्या माथी. 'एक शॉट राहिलाय, उद्या सकाळी देतो' हे फक्त फोनवर बोलून ठेवू नका. व्हॉट्सअॅपवर 'उद्या सकाळी अकरापर्यंत चालेल ना?' असं विचारून 'हो' मिळवा. मुदत वाढल्याचा तोच पुरावा.

कायदा देणाऱ्यावरही ओझं टाकतो. कलम 150 प्रमाणे, फुकट देणाऱ्याने त्याला माहीत असलेला दोष सांगायला हवा. भाड्याने देणाऱ्याला दोष माहीत नसला तरी त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला तो जबाबदार. ट्रायपॉडच्या हेडचं लॉक आधीच घसरत असेल आणि त्यामुळे तुमच्या मित्राचा कॅमेरा खाली आला, तर भाड्याने ट्रायपॉड देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. फक्त लॉक आधीपासून घसरत होतं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

पायरी तिसरी: सामान घेताना दहा मिनिटं घालवा

म्हणून सामान घेताना एकाने मोबाइलवर सलग व्हिडिओ काढायचा, दुसऱ्याने वस्तू फिरवून दाखवायची. तुकड्या-तुकड्यांचा नको, सलगच. सुरुवातीला चलनावरची तारीख फ्रेममध्ये आणा, मग प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर.

लेन्स अशी तपासतात: दोन्ही कॅप काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका टाका आणि पुढून आत बघा. धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, ते सोडा. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर बंद कपाटातून काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. नंतर 'तुम्ही ओलाव्यात ठेवलीत' असं ऐकावं लागू नये, म्हणून ती तिथेच दाखवायची आणि चलनावर लिहून घ्यायची. सेन्सरसाठी लेन्स लावून एफ/16 वर मोकळ्या पांढऱ्या भिंतीचा आउट-ऑफ-फोकस फोटो काढा. डाग असतील तर ठळक दिसतात. माउंटवर लेन्स बसवून हलकेच हलवा. टकटक जाणवली तर तेही लिहा.

फुकट आणलेल्या वस्तूसाठी हे करायला संकोच वाटतो. 'दादा, माझ्याच सेफ्टीसाठी काढतोय' म्हणा आणि काढा. तंबोऱ्याचाही व्हिडिओ काढा. भोपळ्यावर बोटाने हलकं वाजवत पूर्ण गोल फिरवा, जुनी भेग किंवा जुना जोड कॅमेऱ्यात येऊ द्या. तिथे घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर तेच दाखवतील कुठे काय दुरुस्त केलंय. त्यांच्याइतकी त्या वाद्याची नाडी कुणाला कळते?

डिपॉझिट देताना दोन गोष्टी टाळा. आधार कार्डाची मूळ प्रत ठेवून देऊ नका. प्रत द्या आणि तिच्यावर 'फक्त अमुक तारखेच्या कॅमेरा भाड्यासाठी' असं आडवं लिहा. दुसरं, कोरा चेक. सही करून रक्कम मोकळी सोडली की समोरच्याला ती भरायचा अधिकार मिळतो, आणि चेक वटला नाही तर पराक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी प्रकरण उभं राहू शकतं. चेक मागितलाच तर ठरलेली रक्कम अंकात आणि अक्षरात भरून द्या.

पायरी चौथी: विमा आहे का, आणि कुणाचा

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चित्रपट निर्मितीच्या विमा पॉलिसी भारतात मिळतात, पण त्या निर्मात्यासाठी, मोठ्या बजेटसाठी असतात. दोन दिवसांच्या विद्यार्थी शूटसाठी अशी पॉलिसी घ्यायला गेलात तर किमान प्रीमियम आणि कागदपत्रं बघूनच परत याल. त्यामुळे 'आम्ही विमा काढू का?' यापेक्षा 'या वस्तूंवर आधीच कुणाचा विमा आहे का, आणि त्यात आम्ही बसतो का?' हा प्रश्न जास्त कामाचा.

रेंटलवाल्याकडे सहसा सामानाची 'ऑल रिस्क' किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांची पॉलिसी असते. 'सगळं इन्शुअर्ड आहे, टेन्शन घेऊ नका' असं तो म्हणतो. ते खोटं नसतं. पण तो विमा त्याचा आहे, तुमचा नाही. पॉलिसीच्या शेड्यूलची प्रत मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, सामान भाड्याने बाहेर गेलेलं असताना आणि दुसऱ्याच्या ताब्यात असताना विमा लागू आहे का. काही पॉलिसी फक्त पत्त्यावरच्या दुकानापुरत्या असतात.

दुसरी, एक्सेस किती. म्हणजे प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम विमा कंपनी देतच नाही. रेंटलवाला ती तुमच्याकडूनच घेणार.

तिसरी, सब्रोगेशन. हे नीट समजून घ्या. विमा कंपनीने रेंटलवाल्याला पैसे दिले की ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करण्याचा रेंटलवाल्याचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणजे 'इन्शुअर्ड' कॅमेऱ्याचे पैसे शेवटी तुमच्याकडूनच मागितले जाऊ शकतात. भाडेकरूवरचा हा हक्क सोडल्याची नोंद पॉलिसीत असेल किंवा तुमचं नाव विमाधारकांमध्ये जोडलेलं असेल, तरच खरी सुटका. छोट्या दाव्यांत कंपन्या सहसा विद्यार्थ्यांच्या मागे लागत नाहीत, पण त्यावर विसंबून राहायचं की नाही हे तुम्ही ठरवा. काही रेंटलवाले दिवसाला थोडे जास्त पैसे घेऊन 'डॅमेज वेव्हर' देतात. तो विमा नव्हे. 'अमुक रकमेपर्यंत आम्ही तुमच्याकडे मागणार नाही' असा रेंटलवाल्याने दिलेला शब्द आहे तो. घ्यायचा असेल तर लेखी घ्या, आणि चोरी व पाण्यात पडणं त्यात येतं का ते विचारा. बहुतेक वेळा येत नाही.

दादाच्या लेन्सवर त्याची स्वतःची पॉलिसी असेल, तर ती वैयक्तिक वापरासाठी आहे का ते बघा. वैयक्तिक वापराची पॉलिसी असताना त्याने तुमच्याकडून 'चहापाण्याला' हजार रुपये घेतले, तर तो भाड्याचा व्यवहार ठरून दावा नाकारला जाऊ शकतो. नंतर विमा कंपनीला 'लेन्स त्याच्याच हातात होती' असं सांगण्याचा सल्ला कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. खोटा दावा उघड झाला की पूर्ण दावा जातो, आणि त्यात दादाही अडकतो.

कॉलेजच्या सामानावर कॉलेजचा विमा असलाच तर बहुधा इमारतीच्या आतला. कॅम्पसबाहेर नेण्याची लेखी परवानगी घेताना अकाउंट्समध्ये तेवढं विचारून घ्या.

कुठल्याही पॉलिसीत सहसा न मिळणाऱ्या गोष्टी साधारण सारख्याच असतात: झीज, आधीपासूनचा बिघाड, आणि कुलूप न तोडता गाडीतून किंवा खोलीतून झालेली चोरी. मेमरी कार्ड फुटलं तर कार्डाचे पैसे मिळतील, त्यातल्या फुटेजचे नाहीत. सामान ज्या कारमधून नेता तिचा मोटार विमा कारमधल्या कॅमेऱ्याला लागू होत नाही. ड्रोनचं प्रकरणच वेगळं आहे: ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला, तर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. मागून आणलेल्या ड्रोनवर तो नसेल तर उडवू नका.

पायरी पाचवी: एक पानी करार

रेंटलवाल्याचं छापील चलन असतंच, त्यावर तुम्हाला हाताने काही ओळी वाढवता येतात. फुकट देणाऱ्याशी मात्र काहीच कागद नसतो, म्हणून तिथे एक पान लिहा. त्यात काय हवं? वस्तू आणि सीरियल नंबर, आताची अवस्था, कोण वापरणार ('युनिटमधले अमुक दोघे' असं लिहून घेतलंत की कलम 154 ची अडचण तिथेच सुटली), कुठे वापरणार (नदीकाठ असेल तर तसं स्पष्ट), परत कधी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघांनी मान्य केलेली किंमत. दादा म्हणतो नवीन साठ हजारांची आहे, तुम्ही म्हणता वापरलेली चाळीसला मिळते. हे भांडण लेन्स शाबूत असतानाच मिटवायचं. त्या वेळी दोघंही हसत हसत पंचेचाळीसवर येतात.

रेंटलवाल्याकडे दुरुस्तीच्या काळातल्या भाड्याची गोष्ट काढा. कॅमेरा सर्व्हिस सेंटरला तीन आठवडे पडून राहिला तर तो रोजचं भाडं मागतो, आणि ते कधीकधी दुरुस्तीपेक्षा जास्त होतं. 'दुरुस्तीच्या काळात अर्ध्या दराने, जास्तीत जास्त आठ दिवस' अशी मर्यादा लिहून घ्या. चलनावर भरमसाट दंडाची रक्कम छापलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, छापील रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, मग आठ दिवसांची मर्यादाच बरी.

तिसरा कागद युनिटच्या आत. सही एकाची असली तरी पैसे कसे वाटायचे ते शूटच्या आधी लिहा. बजेटमधून काही रक्कम बाजूला काढायची, ती संपली की उरलेलं सगळ्यांत समान, आणि मुद्दाम किंवा दारू पिऊन केलेलं नुकसान ज्याचं त्याचं. ही चर्चा अवघडल्यासारखी होते, पण ती न केलेल्या गटात नंतर कॅमेरामन आणि लाइट सांभाळणारा मुलगा एकमेकांशी बोलेनासे होतात.

आता अपघात

दुसरा दिवस, हरिपूर, संध्याकाळची वेळ. कृष्णा-वारणेच्या संगमावर त्या वेळी वारा सुटतो, हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सॉफ्टबॉक्स लावलेला लाइट स्टँड उंच केलेला, पायाशी वाळूची पिशवी नाही. वाऱ्याने सॉफ्टबॉक्स शिडासारखा भरला, स्टँड आडवा आला तो थेट ट्रायपॉडवर. कॅमेरा लेन्ससकट खाली, शेजारी सतरंजीवर ठेवलेल्या तंबोऱ्यावर. कॅमेऱ्याचं माउंट वाकलं, दादाच्या लेन्सची पुढची काच फुटून बॅरल चेपलं, तंबोऱ्याच्या भोपळ्याला भेग, कॉलेजच्या लाइटची बॉडी तुटली. कॅमेरा सांभाळत होता तो युनिटमधला दुसरा मुलगा, ज्याचं नाव दादाशी ठरलेलंच नव्हतं.

पहिल्या दहा मिनिटांत: लाइटची वीज तोडा, कुणाला लागलंय का बघा. मग काहीही हलवायच्या आधी जसं पडलं तसं फोटो, दूरून आणि जवळून. कॅमेरा चालू करून 'बघूया' म्हणू नका, बॅटरी काढा. पाणी गेलं असेल तर हे दुप्पट लागू. फुटलेल्या काचेचे तुकडेसुद्धा पिशवीत ठेवा. मालकांना त्याच दिवशी कळवा, आधी फोन आणि लगेच लेखी मेसेज: काय झालं, किती वाजता, कुणाच्या हातात होतं. खरं लिहा, पण 'सगळं भरून देतो' असा शब्द घाईत देऊ नका. ओळखीच्या कुणाकडून दुरुस्ती करून घेऊ नका. विमा असेल तर कंपनीच्या सर्व्हेअरने वस्तू बघायच्या आधी ती उघडली की दावा अडतो. विमा कंपनीला रेंटलवाल्याने लगेच कळवलं का, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, कारण उशीर झाला तर तोटा तुमचा. चोरी असती तर त्याच रात्री पोलीस ठाण्यात एफआयआर, सीरियल नंबरसकट. हद्दीच्या कारणाने परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे सांगा.

आता हिशोब. वाळूची पिशवी नव्हती, म्हणजे 151 ची काळजी घेतली असं म्हणता येत नाही. इथे वाद घालण्यात अर्थ नाही, रक्कम कमी कशी होईल ते बघायचं.

कॅमेरा: सर्व्हिस सेंटरचा अंदाज 28,000 रुपये. रेंटलवाल्याचा विमा भाड्यावर असतानाही लागू होता, एक्सेस 10,000. विमा कंपनी 18,000 देईल, तुम्ही 10,000. शिवाय आठ दिवस अर्ध्या दराने भाडं, दिवसाचं भाडं 3,000 असल्याने 12,000. विम्यातून हे भाडं मिळत नाही, म्हणून ते तुमच्यावर. एकूण 22,000.

लेन्स: विमा नाही, वापरणारा ठरलेल्याबाहेरचा, त्यामुळे 154 प्रमाणेही जबाबदारी पक्की. कागदावरची मान्य किंमत 45,000.

तंबोरा: पूर्ण किंमत मागायची वेळ नव्हती. घरातल्या कारागिरांनीच दुरुस्तीचे 9,000 सांगितले. इथे बाजारभावापेक्षा त्यांचा शब्द अंतिम मानणं मला योग्य वाटतं, वाद्याच्या आवाजाला काय झालं हे दुसरा कुणी ठरवू शकत नाही.

लाइट: कॉलेजच्या नियमाने 6,000.

बेरीज 82,000. विमा भाड्यावर लागू नसता तर एक लाख. बजेटमध्ये बाजूला ठेवलेले 15,000 वजा केले की 67,000, आठ जणांत माणशी 8,375. रक्कम लहान नाही, पण मोठ्यातला मोठा वाटा ज्या लेन्सचा आहे, तिथे 'अमुक दोघे वापरणार' एवढी ओळ असती आणि पायाशी दोन पिशव्या वाळू असती, तर बहुधा यातलं काहीच घडलं नसतं. वाळू तिथेच पायाखाली होती, आणायची होती ती फक्त पोती!

माणसाला लागलं तर

घाटावर फिरायला आलेल्या आजी तुमच्या केबलला अडखळल्या, तर प्रकरण कराराचं राहत नाही, निष्काळजीपणाचं होतं. वर सांगितलेल्या कुठल्याही सामानाच्या विम्यातून त्यांच्या दवाखान्याचं बिल मिळणार नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटीची वेगळी पॉलिसी लागते. नावामुळे कुणी 1991 च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याकडे बोट दाखवेल, पण तो कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, शूटसाठी नाही. विद्यार्थी गटाच्या हातात उरतो तो साधा उपाय: केबल भिंतीच्या कडेने, चालायच्या जागी टेपने चिकटवलेली, आणि गर्दीच्या बाजूला एक माणूस फक्त लोकांना सांभाळायला. कारखान्यासारख्या खाजगी जागेत शिरताना जमीन, भिंती आणि वीज मीटर यांचाही सामानासारखाच व्हिडिओ काढा. जुन्या घराच्या वायरिंगवर दोन मोठे लाइट एकाच प्लगला लावू नका.

वाद झाला तर, आणि मिटला तर

रेंटलवाला दुरुस्तीचं बिल न दाखवताच डिपॉझिट अडवून बसला, तर आधी लेखी मागणी करा: बिल, सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट आणि विम्यातून किती मिळाले याचा कागद. त्याच नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडून आणि तुमच्याकडून असे दोनदा घेता येत नाहीत. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. विमा कंपनीविरुद्धची तक्रार मात्र ज्याची पॉलिसी त्यालाच करावी लागते, तुम्ही फक्त कागद पुरवू शकता.

मिटलं तर 'पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही' अशा पावतीवर मालकाची सही घ्या, दिलेला चेक परत घ्या. लेन्सची पूर्ण किंमत भरली असेल, तर फुटलेली लेन्स तुमच्याकडे राहील असं त्याच पावतीवर लिहून घ्या. तिची मागची काच आणि फोकस रिंग सुटे भाग विकणाऱ्याला देता येतात, त्यातून थोडे पैसे परत येतात. पूर्ण किंमत विमा कंपनीने दिली असेल, तर मात्र ते तुकडे कंपनीचे.